उशिरा तिकीट काढायला शिकवलं कुणी?

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदार नाटकाच्या प्रयोगाचा हिशेब वाचू लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आपली माणसं शेवटच्या क्षणापर्यंत तिकीट काढत नाहीत, त्याला कोण काय करणार?’ सभेतल्या माना डोलतात, तूट मंजूर होते आणि चहा येतो. वाक्य इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. त्यात दोष सभागृहाचा नाही, समितीचा तर नाहीच. दोष मराठी स्वभावाचा, आणि स्वभावाला औषध नसतं असं म्हटलं की विषय संपतो.

हा स्वभावाचा सिद्धांत खोटा आहे. उशिरा तिकीट काढणं ही मराठी माणसाने जन्मतः आणलेली खोड नव्हे. ती त्याला शिकवली गेली आहे, आणि शिकवणारी संस्था बहुतेक वेळा तक्रार करणारं मंडळच असतं. कार्यक्रमाच्या पहिल्या घोषणेपासून दुसऱ्या दिवशीच्या ‘दिमाखात पार पडला’ या वृत्तांतापर्यंत मंडळ प्रेक्षकाला पायरीपायरीने एकच धडा देतं: घाई करणारा फसतो.

आधी स्वभावाचं पाहू. पुण्यात डिसेंबरमधल्या सवाई गंधर्व महोत्सवाची सीझन तिकिटं काढायला लोक आधीच पोहोचतात. दिवाळी पहाटेच्या चांगल्या मैफिलींचे पास वाटप सुरू झाल्यावर काही तासांत संपतात. हीच माणसं, किंवा त्यांची भावंडं, न्यू जर्सीत, डॅलसमध्ये आणि सिॲटलमध्ये राहतात. डिसेंबरात भारतात जायचं विमानाचं तिकीट ती उन्हाळ्यातच काढून ठेवतात. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. त्याची नोंदणी अनेक महिने आधी सुरू होते, आणि लोक ती करतात. २०२४ साली सॅन होजेच्या अधिवेशनाला दुसऱ्या टोकाच्या राज्यांतून आलेल्यांनी सगळं आदल्या आठवड्यात ठरवलं असेल, असं कुणी म्हणणार नाही. अधिवेशन, विमान आणि सवाई या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. उशीर केला तर पैसे जास्त जातात किंवा जागाच मिळत नाही, हे माणसाला अनुभवाने माहीत असतं. मंडळाच्या नाटकाच्या बाबतीत त्याचा अनुभव नेमका उलट असतो.

तो उलटा अनुभव कसा घडतो, हे एका नमुन्याच्या हिशेबावरून स्पष्ट होईल. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण मध्यम आकाराच्या उपनगरी मंडळाच्या कुठल्याही खजिनदाराला ते ओळखीचे वाटावेत. ऑक्टोबरमधला शनिवार, भारतातून दौऱ्यावर आलेलं नाटक, शाळेचं ५०० खुर्च्यांचं सभागृह. नाट्यसंस्थेचं मानधन ८,००० डॉलर. कलाकारांचं हॉटेल आणि स्थानिक प्रवास १,५००. सभागृहाचं भाडं आणि शाळेच्या कर्मचाऱ्याचे तास मिळून २,५००. ध्वनी आणि प्रकाश १,८००, विमा आणि किरकोळ खर्च ७००. एकूण १४,५००. प्रायोजकांकडून ३,५०० आले. म्हणजे तिकिटांतून ११,००० उभे राहायला हवेत. जेवणाची कुपनं वेगळी, ती आपला खर्च आपण भागवतात असं धरू.

मंडळाने सरसकट ४० डॉलरचं तिकीट ठेवलं. त्या दराने २७५ तिकिटं गेली की खर्च निघतो. प्रयोगाला एक आठवडा उरला तेव्हा विक्री होती १४०. समितीच्या पोटात गोळा आला. बुधवारी रात्री संदेश गेला: ‘खास ऑफर! एका तिकिटावर एक मोफत!’ दोन दिवसांत आणखी १६० माणसं आली. सभागृह बऱ्यापैकी भरलं, फोटो चांगले आले. हिशेब मात्र असा झाला: १४० जणांचे ५,६०० आणि १६० जणांचे ३,२००, एकूण ८,८००. प्रेक्षक ३०० आले, पूर्ण दराने २७५ पुरले असते, तरी खड्डा २,२०० डॉलरचा.

यावर समिती म्हणेल की सवलत दिली नसती तर ते १६० आलेच नसते. काही आले नसते, हे खरं. सगळेच आले नसते, हे मात्र पटणारं नाही. त्यातल्या कितीतरी जणांनी तिकीट काढलं नव्हतं याचं कारण नाटक नको होतं हे नव्हतंच. गेल्या वर्षी याच बुधवारी काय झालं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. आणि खरं नुकसान २,२०० डॉलरचं नाहीच. ज्या १४० जणांनी मंडळावर विश्वास ठेवून आधी पैसे भरले, त्यांना मध्यंतरात वड्याच्या रांगेत शेजाऱ्याकडून कळलं की आपल्या खुर्चीला ४० पडले आणि त्याच्या खुर्चीला २०. पुढच्या वर्षी हे १४० काय करतील? ते बुधवारची वाट पाहतील. आणि समिती पुन्हा म्हणेल, आपली माणसं अशीच.

आता तोच कार्यक्रम, तीच ३०० माणसं, फक्त दर पायऱ्यांनी चढणारा. पहिल्या चार आठवड्यांत ३० डॉलर, त्यानंतर ३८, आणि प्रयोगाच्या दिवशी दारावर ४५. तारखा पहिल्याच संदेशात जाहीर, आणि दर कुठल्याही परिस्थितीत खाली येणार नाही हेही तिथेच लिहिलेलं. समजा १३० जणांनी पहिल्या टप्प्यात काढलं, १२० जणांनी दुसऱ्यात आणि ५० जण दारावर आले. ३,९०० अधिक ४,५६० अधिक २,२५०, म्हणजे १०,७१०. तूट २९० डॉलर. विशेष म्हणजे सरासरी दर ३६ डॉलरच्या आत आहे, आधीच्या ४० पेक्षा कमी. माणसं या संख्येने येतीलच याची हमी नाही, आणि पहिल्या वर्षी तर नाहीच, कारण जुनी सवय एका ऋतूत जात नाही. पण २,२०० आणि २९० यांमधला फरक प्रेक्षकांच्या स्वभावातून आलेला नाही. तो दर कोणत्या दिशेने सरकतो यातून आला आहे.

रिकाम्या खुर्च्या तशाच ठेवायच्या का, असा प्रश्न येतो. नाही. पण त्या भरायची रीत आधी जाहीर करावी. विद्यापीठातले विद्यार्थी, नुकतंच शहरात आलेलं कुटुंब, यांच्यासाठी ४० जागा कमी दराने राखून ठेवल्या आहेत असं पहिल्या दिवशी सांगितलं, तर आधी पैसे भरणाऱ्याला त्यात फसवणूक वाटत नाही. तीच सवलत बुधवारी रात्री सगळ्यांसाठी निघाली, तर वाटते.

दुसरा धडा घोषणेतून मिळतो. बहुतेक मंडळांची पहिली घोषणा म्हणजे एक पोस्टर. वर गणपती, मध्ये कलाकारांचे कापलेले फोटो, खाली आठ प्रायोजकांची बोधचिन्हं आणि ‘तारीख राखून ठेवा’. वेळ नाही, दर नाही, सभागृह ‘लवकरच कळवू’. पाहणाऱ्याला त्या क्षणी उत्साह आलेला असतो, पण काढायला तिकीट नसतं. तीन आठवड्यांनी दुवा येतो तेव्हा तो शंभर शुभप्रभातांखाली गाडलेला असतो. घोषणा आणि विक्री एकाच दिवशी, एकाच संदेशात सुरू व्हावी, हा नियम साधा आहे आणि तोच सर्वाधिक मोडला जातो.

मोडण्यामागे एक खरं कारण आहे. कलाकारांच्या व्हिसाचं काम पूर्ण झालेलं नसतं. आधी अमेरिकेत अर्ज मंजूर व्हायचा, मग कलाकारांनी भारतातल्या वकिलातीत मुलाखत द्यायची. त्यात कुणाचं अडकलं तर भूमिका बदलते किंवा दौराच पुढे जातो. म्हणून समिती अर्धवट पोस्टर काढून जागा अडवते. पण लोकांपासून हे लपवून काहीच साधत नाही. ‘व्हिसाची प्रक्रिया चालू आहे. प्रयोग रद्द झाला तर पूर्ण पैसे परत, मुख्य कलाकार बदलला तर मागाल त्याला परत,’ अशी दोन वाक्यं लिहिली की माणूस निर्धास्तपणे तिकीट काढतो. ती न लिहिता मुख्य नट बदलला, की पुढच्या वेळी तोच प्रेक्षक नाटकाची मंडळी विमानतळावर उतरेपर्यंत थांबतो. त्याचं चूक आहे असं कोण म्हणेल?

पोस्टरचं आणखी एक दुखणं आहे. चित्रातल्या अक्षरांवर बोट ठेवून पत्ता नकाशात सहज उघडत नाही, आणि व्हॉट्सॲपच्या शोधात ती सापडत नाहीत. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरात टाकलेला दुवाही दाबता येत नाही. पुढे पाठवताना व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं आणि तळातली बारीक वेळ धूसर होते. त्यातून मजकूर देवनागरी असेल आणि चित्र बनवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसेल, तर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते. मराठीच्या उत्सवाचं आमंत्रण ‘उत्सव’ शब्दाचा पाय मोडून निघतं, आणि मंडळात तीनशे मराठी वाचणारे असताना ते एकालाही आधी दाखवलेलं नसतं.

या बाबतीत गुरू शोधायला लांब जायला नको. मराठी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती आठवाव्यात. बोटभर चौकट, पण तिच्यात वार, वेळ आणि नाट्यगृह ठसठशीत. ‘शनि. दु. ४, गडकरी रंगायतन’ एवढ्यावर ठाण्याच्या माणसाचा शनिवार ठरायचा. ती जागा पैसे मोजून घेतलेली होती, म्हणून निर्मात्याने तिच्यात आधी तेच भरलं ज्याच्याशिवाय माणूस घरातून निघू शकत नाही. व्हॉट्सॲपवर जागा फुकट मिळाली आणि ही शिस्त गेली.

परदेशात त्या चौकटीत थोडी भर घालावी लागते. तारीख अक्षरांत लिहावी, कारण अमेरिकेत ४/१० म्हणजे एप्रिलची दहावी आणि भारतातून आलेल्या सासऱ्यांसाठी ती ऑक्टोबरची चौथी. पूर्ण पत्ता हवा आणि गाडी कुठे लावायची तेही, कारण हायस्कूलला चार दरवाजे असतात आणि उघडा एकच असतो. नाटक मध्यंतरासह किती वेळ चालेल ते हवं, कारण मुलांना सांभाळणाऱ्या मुलीला तासावर पैसे द्यायचे असतात. किती वयाखालच्या मुलांना आत घेणार नाही, जेवण आहे की नुसता बटाटेवडा, तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येईल का, पैसे कुठल्या तारखेपर्यंत परत, हे सगळं चित्राखाली साध्या मजकुरात असावं. ‘आमच्याकडे एवढा वेळ कुठे, आम्ही स्वयंसेवक,’ ही सबब इथे उलटते. हे एकदा लिहायला अर्धा तास लागतो. न लिहिल्यास तीच उत्तरं सचिव पन्नास जणांना रात्री अकरा वाजता एकेकाला देत बसतो.

आणि बरेच जण खरोखरच शेवटपर्यंत ठरवू शकत नाहीत, हेही मान्य करायला हवं. कुणाची रुग्णालयात ड्यूटी असते, कुणाच्या मुलीची फुटबॉलची मॅच उपांत्य फेरीत गेली तर शनिवार जातो. पण ही अडचण दर उतरवून सुटत नाही. तिकीट दुसऱ्याच्या नावावर बदलून मिळण्याने ती सुटते. जाता आलं नाही तर मैत्रिणीला देता येईल, हे कळलं की ड्यूटीवाली डॉक्टरही पहिल्या टप्प्यातच तिकीट काढते.

विक्री चालू झाल्यावर मधल्या आठवड्यांत काय करायचं, हे पुष्कळांना सुचत नाही, म्हणून तेच पोस्टर सात वेळा पाठवलं जातं. दुसऱ्या वेळेनंतर ते कुणी उघडत नाही. प्रत्येक संदेशात एक नवी गोष्ट हवी. नाटक कशावर आहे, कुठल्या रांगांत किती जागा उरल्या, दर कधी बदलतो, जेवणाची संख्या केटररला कुठल्या दिवशी कळवायची आहे. हे शेवटचं तर फारच उपयोगी, कारण ती खरी मुदत आहे आणि लोकांना ती पटते. आणखी एक प्रेक्षकवर्ग मंडळं विसरतात, तो म्हणजे उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत मुलांकडे राहायला आलेले आई-बाबा. दिवसभर घरात कंटाळलेले, नाटकाची पारख असलेले. मुलगा ‘बघू’ म्हणतो, आई मात्र त्याच संध्याकाळी तिकीट काढायला लावते. तिच्यापर्यंत संदेश पोहोचवायचा तर मंदिरातल्या फळ्यावर आणि भारतीय वाण्याच्या दुकानात मराठीत छापलेला कागद लावावा लागतो. ती मंडळाच्या गटात नसते.

मुदतीबाबत एक पथ्य अगदी कडक पाळावं. ‘मोजकीच तिकिटं शिल्लक’ हे ती मोजकी असतील तेव्हाच लिहावं. ५०० पैकी १८० गेली असताना हे लिहिणारं मंडळ प्रयोगाच्या दिवशी स्वतःच पुरावा मांडून ठेवतं. प्रेक्षक आत येतो, मागच्या बारा रांगा मोकळ्या पाहतो आणि पुढच्या वेळी ‘मोजकीच’ वाचून हसतो. तेच ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ या शब्दांचं. लोकाग्रह कुणी पाहिलेला नसतो, वाढलेली मुदत सगळे पाहतात.

पैसे घेण्याच्या रीतीतही हाच धडा दडलेला आहे. तिकीटविक्रीच्या संकेतस्थळाचं शुल्क तिकिटामागे तीन-चार डॉलरपर्यंत जातं, म्हणून खजिनदार ‘झेल’वर पैसे मागवतो. शुल्क वाचतं हे खरं. पण ‘झेल’वर जागा मिळत नाही, पावती मिळत नाही, आणि पैसे आले ते नवऱ्याच्या नावाने, यादीत नाव बायकोचं. दारावर दोन याद्या जुळवताना रांग वाहनतळापर्यंत जाते, आणि महिनाभर आधी पैसे भरलेला माणूस आत्ता रोख घेऊन आलेल्याच्या मागे उभा असतो. आधी काढणाऱ्याची रांग वेगळी आणि वेगाने सरकणारी असली पाहिजे. रांगेच्या क्रमांकासह आसन त्याला निवडता आलं तर आणखी चांगलं. आधी येणाऱ्याला मंडळाकडे देण्यासारखं दरापलीकडे काही असेल, तर ते हेच.

रांगेतून आत गेलेल्याचा तिसरा धडा पडदा उघडण्याच्या वेळी सुरू होतो. छापलेली वेळ ४, प्रयोग सुरू ४:४०. मधल्या वेळात प्रायोजकांचे सत्कार, आणि ‘लोक अजून येताहेत’ ही सूचना. वेळेवर आलेला चाळीस मिनिटं बसतो, उशिरा आलेल्याचं काहीच बिघडत नाही. तिकिटाचं आणि घड्याळाचं शिक्षण एकाच शाळेत चालतं.

शेवटचा धडा वृत्तांताचा. कार्यक्रमानंतर जे लिहिलं जातं त्यात ‘रसिकांनी भरघोस प्रतिसाद दिला’, मग २४ कार्यकर्त्यांची नावं, मग ८६ फोटो, त्यांतले ३० दीपप्रज्वलनाचे. नाटकाबद्दल ओळ नाही. सोबत लोकप्रिय गाणं लावलेली चित्रफीत, जिचा आवाज हक्काच्या दाव्यामुळे यूट्यूब किंवा फेसबुक बंद करतं. कधी खुद्द प्रयोगाचाच दहा मिनिटांचा तुकडा, ज्याची परवानगी निर्मात्याकडून घेतलेली नसते. आणि नाचणाऱ्या मुलांचे जवळून घेतलेले फोटो, ज्यांच्या आईवडिलांना कुणी विचारलेलं नसतं. प्रायोजकांचे आभार मानतानाही जपून. अमेरिकेत करमुक्त संस्थेने प्रायोजकाचं नाव, चिन्ह आणि पत्ता देणं हे आभारात बसतं. ‘शहरातला सर्वोत्तम व्याजदर, आजच फोन करा’ असं लिहिलं की ती जाहिरात ठरते, आणि तिच्या उत्पन्नावर कराचा प्रश्न उभा राहू शकतो.

कार्यकर्त्यांची नावं घेऊ नयेत असं कुणी म्हणत नाही. रात्री एक वाजता खुर्च्या उचलणाऱ्याचं नाव छापलंच पाहिजे. पण वृत्तांत वाचणारा जो माणूस आला नव्हता, त्याला त्यात आपण काय गमावलं हे कळलं पाहिजे, आणि जो आला होता त्याला आपल्या चाळीस मिनिटांची दखल दिसली पाहिजे. ‘३०० जण आले. प्रयोग उशिरा सुरू झाला, त्याबद्दल क्षमस्व. पुढचा कार्यक्रम १४ मार्चला, तिकिटं आजपासून.’ एवढं दोन दिवसांत, कार्यक्रमाचा विषय घरात चालू असेपर्यंत गेलं, तर पुढच्या कार्यक्रमाची पहिली काही तिकिटं तिथेच जातात.

संस्कृतीचा बाजार मांडू नका, असा शेवटचा आक्षेप ज्येष्ठ सभासद घेतात. त्यांनी हे लक्षात घ्यावं की ती २,२०० डॉलरची तूट कुठून तरी भरली जाते. ती भरते सभासदांच्या वर्गणीतून, म्हणजे नाटकाला न आलेल्यांच्याही खिशातून, आणि कधी मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांतून.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत ‘आपली माणसं’ हे शब्द उच्चारण्याआधी खजिनदाराने एक कागद सभेपुढे ठेवावा. त्यावर गेल्या तीन कार्यक्रमांची दर आठवड्याची तिकीटविक्री असावी, आणि शेजारच्या रकान्यात त्या त्या आठवड्याचा दर. ज्या आठवड्यात दर उतरला, त्याच आठवड्यात विक्री उसळलेली दिसली, तर सभासदांनी पुढच्या कार्यक्रमासाठी एकच ठराव करावा: जाहीर झालेला दर खाली येणार नाही.